सिबिल सुधारला, आता गृहकर्जाचा दरही कमी करून मागा

गृहकर्जाच्या मंजुरीपत्रात व्याजदराची एक ओळ असते. "रेपो दर अधिक ३.२५ टक्के", किंवा अशाच अर्थाची. सही करताना आपली नजर त्या दोन आकड्यांच्या बेरजेवर असते आणि त्याहून जास्त महिन्याच्या हप्त्यावर. त्या ओळीतला दुसरा आकडा बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. पण कर्ज घेताना तुमचा सिबिल स्कोअर कमी असेल आणि आता तो चांगला झाला असेल, तर बँकेशी बोलायचे ते याच दुसऱ्या आकड्याबद्दल. कारण स्कोअरचा संबंध फक्त त्याच्याशी आहे, आणि तो आकडा आपणहून कमी होत नाही.

अनेकांचा समज असा असतो की स्कोअर वाढला की बँकेला ते कळते आणि दर आपोआप उतरतो. तसे होत नाही. रेपो दर उतरला तर तुमचा दर उतरतो, कारण तशी करारातच तरतूद आहे. पण तुम्ही चार वर्षे एकही हप्ता न चुकवता भरलात म्हणून बँक स्वतःहून पत्र पाठवून दर कमी केल्याचे कळवते, असे सहसा घडत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो नेमक्या मुद्द्यावर करावा लागतो.

दर कशाकशाचा बनतो

१ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जे एखाद्या बाहेरच्या दराशी जोडणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. रेपो दर सगळ्यांना सारखाच. तो फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ६.५० टक्के होता, मग टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. तो बदलला की बँकेला तुमचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा जुळवून घ्यावा लागतो. यात तुमचा स्कोअर, पगार किंवा ओळख यांचा काही संबंध नाही.

रेपोच्या वर बँक जी भर घालते तिला स्प्रेड म्हणतात. त्यात बँकेचा चालू खर्च आणि नफा येतो, आणि शिवाय एक तुकडा तुमच्या नावाचा असतो. हा कर्जदार पैसे बुडवण्याची शक्यता किती, याची ती किंमत. बँकेच्या भाषेत तिला क्रेडिट रिस्क प्रीमियम म्हणतात. आपण त्याला जोखमीचा भाग म्हणू. स्कोअर ६८० असणाऱ्याला हा भाग जास्त लागतो, ७८० असणाऱ्याला कमी. काही बँका तर स्कोअरचे गट पाडून प्रत्येक गटाचा दर आपल्या वेबसाइटवरच छापतात. ८०० च्या वर एक दर, ७५० ते ७९९ दुसरा, ७०० ते ७४९ तिसरा, अशी ती उतरंड असते. ज्यांनी पूर्वी कधी कर्जच घेतलेले नाही त्यांच्यासाठी बहुधा वेगळी ओळ असते.

हा स्प्रेड बदलण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत. जोखमीचा भाग केव्हा बदलता येतो? कर्जदाराच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झाला असेल तेव्हाच, आणि तोही कर्जकरारात ठरल्याप्रमाणे. स्प्रेडचे बाकीचे भाग बँकेला तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असत. १ ऑक्टोबर २०२५ पासून या दुसऱ्या नियमात सैलपणा आला. ग्राहक टिकवण्यासाठी बँक आता हे बाकीचे भाग तीन वर्षांच्या आतही कमी करू शकते. मात्र त्यासाठी सबळ कारण हवे, आणि एकाला दिले ते तशाच दुसऱ्याला नाकारता येणार नाही, असे धोरण हवे.

या नियमांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. स्कोअर वाढला म्हणून दर कमी करणे बँकेवर बंधनकारक आहे, असे ते म्हणत नाहीत. ते बँकेला परवानगी देतात. पण त्यामुळे एक गोष्ट तुमच्या बाजूने झाली आहे. "एकदा ठरलेला स्प्रेड बदलताच येत नाही" असे उत्तर कुणी दिले, तर ते बरोबर नाही. बदलता येतो. बँकेला बदलायचा आहे का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तुम्ही कसे मागता यावर बरेच अवलंबून असते.

नाशिकचे एक उदाहरण

सगळा हिशेब एका उदाहरणावर मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले आकडे रोजच्या व्यवहारातले आहेत. नाशिकमधल्या एका शिक्षिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लॅटसाठी व्यापारी बँकेतून वीस वर्षांचे कर्ज घेतले. तेव्हा त्यांचा स्कोअर ६८८ होता. एक लाख मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर दर महिन्याला ऐंशी-नव्वद हजारांची उधारी असायची, आणि फ्रिजसाठी घेतलेल्या कर्जाचे दोन हप्ते उशिरा गेले होते. बँकेने स्प्रेड ३.२५ टक्के लावला. तेव्हा रेपो ५.४० होता, म्हणून दर ८.६५ झाला. पुढे रेपो वाढत गेला तसा दर ९.७५ पर्यंत चढला, आणि आता रेपो ५.२५ असताना तो ८.५० आहे. म्हणजे दर बराच हलला, पण त्यातले ३.२५ तसेच आहेत.

आज त्यांचे ३० लाख मुद्दल बाकी आहे, १९२ हप्ते उरले आहेत आणि हप्ता २८,६३५ रुपये आहे. कार्डाची उधारी त्यांनी कधीच फेडली, एकही हप्ता चुकवला नाही, आणि स्कोअर ७८१ झाला आहे. त्याच बँकेच्या वेबसाइटवर ७५० च्या वरच्या नव्या ग्राहकासाठी स्प्रेड २.५० टक्के, म्हणजे दर ७.७५ आहे. जुन्या ग्राहकाला ८.५० आणि तसाच स्कोअर असणाऱ्या नव्या ग्राहकाला ७.७५. ही पाऊण टक्क्याची तफावत हाच त्यांच्या अर्जाचा पाया.

अर्ज करण्याआधी त्यांनी तीन कागद समोर ठेवायला हवेत. पहिला कागद मंजुरीपत्र आणि कर्जकरार. त्यात स्प्रेड किती आहे, तो कशाकशाने बनला आहे आणि तो पुन्हा तपासण्याबद्दल काही कलम आहे का, हे पाहायचे. काही करारांत ठरावीक काळाने स्कोअर तपासून दर वर किंवा खाली करण्याची तरतूद असते. तसे कलम असेल तर तुमची मागणी विनंती राहत नाही, करारातल्या कलमाची अंमलबजावणी होते. ऑक्टोबर २०२४ नंतर कर्ज घेतले असेल तर मंजुरीबरोबर "की फॅक्ट्स स्टेटमेंट" नावाचा तक्ता मिळालेला असतो. त्यात आधारदर आणि स्प्रेड वेगवेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे शोधाशोध वाचते.

दुसरा कागद कर्जखात्याचा ताजा उतारा. बाकी मुद्दल, चालू दर आणि उरलेले हप्ते यासाठी तो लागतो. तिसरा कागद बँकेच्या वेबसाइटवरचा आजचा दरतक्ता, तारखेसह छापून घेतलेला. इथे एक खबरदारी घ्यायची. रेपो उतरत असताना काही बँका नव्या ग्राहकांचा स्प्रेड वाढवतात. तसे झाले असेल तर तुमचा जुना स्प्रेड आजच्या तक्त्यापेक्षा कमीही निघेल. अशा वेळी अर्ज करून काहीच हाती लागत नाही. उलट करारात पुनर्मूल्यांकनाचे कलम असेल तर उगीच फाइल उघडली जाते. म्हणून तुलना करायची ती स्प्रेडची स्प्रेडशी. नुसता दर पाहून "मला जास्त लागतो" असे ठरवू नये.

स्कोअर बँकेला दिसेल तो

तुमच्या मोबाइलवर कुठल्या तरी अ‍ॅपने दाखवलेला स्कोअर आणि बँक बघेल तो स्कोअर एकच असेल असे नाही. भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीचे गणित वेगळे असते, त्यामुळे एकाच माणसाचा स्कोअर एकीकडे ७८१ आणि दुसरीकडे ७४५ असू शकतो. दोन्ही ३०० ते ९०० याच पट्टीवर मोजलेले असतात. तुमची बँक कुठल्या कंपनीचा स्कोअर ग्राह्य धरते हे आधी विचारून घ्या आणि त्याच कंपनीचा पूर्ण अहवाल काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

अहवालात आकड्यापेक्षा खालचे तपशील महत्त्वाचे. फेडलेले फ्रिजचे कर्ज "बंद" दिसते आहे की अजून "चालू"? एखाद्या जुन्या कार्डापुढे "सेटल्ड" असा शेरा आहे का? तसा शेरा म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोडीने खाते मिटवले, असा अर्थ होतो, आणि बँकेच्या अधिकाऱ्याचा हात तिथे अडतो. स्कोअर ७८० असला तरी. नोंद चुकीची असेल तर पतमाहिती कंपनीकडे तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली काढावी लागते. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधी ही दुरुस्ती, मग दराचा अर्ज, हा क्रम मोडू नका. एकदा नकार मिळाला की तोच अर्ज पुन्हा वर न्यायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट नवऱ्या-बायकोच्या एकत्र कर्जात अडचणीची ठरते. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर काही बँका दोघांपैकी कमी स्कोअर धरतात, काही मुख्य कमावत्याचा धरतात. तुमचा स्कोअर सुधारला आणि जोडीदाराच्या कार्डाचे बिल थकलेले असले, तर अर्ज तिथेच थांबतो. दोघांचे अहवाल एकाच वेळी काढा.

क्रेडिट कार्ड वापरत असाल तर अर्जाआधी दोनेक महिने बिल तयार होण्याच्या तारखेपूर्वीच बरीचशी रक्कम भरून टाका. बिलाच्या दिवशीची उधारी बँक कळवते, तुम्ही नंतर भरलेली नव्हे. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवतात, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर अहवालात उतरते.

अर्ज कसा करायचा

शाखेत जाऊन "मॅडम, माझा दर कमी होईल का हो?" असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे. "रेपो उतरला की आपोआप होतो." समोरचा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला वाटते तुम्ही रेपोबद्दल विचारता आहात. शिवाय स्प्रेड बदलण्याचा अधिकार शाखेत नसतोच, तो बँकेच्या कर्ज प्रक्रिया केंद्रात किंवा विभागीय कार्यालयात असतो. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्यायचा, तो कर्ज केंद्राकडे पाठवावा असे त्यातच लिहायचे, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवला तर तक्रार क्रमांक किंवा सेवा विनंती क्रमांक जपून ठेवायचा.

अर्ज लांबलचक नको. त्या शिक्षिकेचा अर्ज असा असू शकतो:

"माझ्या गृहकर्ज खात्याचा दर रेपो अधिक ३.२५ टक्के आहे. कर्ज मंजूर झाले तेव्हा माझा स्कोअर ६८८ होता. आज तो ७८१ आहे. अहवालाची प्रत जोडली आहे. मंजुरीपासून आजवर एकही हप्ता थकलेला नाही. आपल्या आजच्या दरतक्त्यानुसार ७५० च्या वरच्या स्कोअरसाठी स्प्रेड २.५० टक्के आहे. माझ्या पतमूल्यांकनात झालेला हा बदल लक्षात घेऊन स्प्रेडमधील जोखमीच्या भागाचे पुनर्मूल्यांकन करावे आणि सुधारित दर, लागू होण्याची तारीख व शुल्क लेखी कळवावे. विनंती मान्य नसल्यास कारण लेखी द्यावे."

या मजकुरात प्रत्येक वाक्याला काम आहे. "पतमूल्यांकनात बदल" हे शब्द रिझर्व्ह बँकेच्या नियमातलेच आहेत, त्यामुळे अर्ज कुठल्या फाइलमध्ये जायचा हे वाचणाऱ्याला कळते. "लेखी कारण" मागितल्याने तोंडी नकारावर विषय संपत नाही. आणि वागणुकीचा पुरावा, म्हणजे न चुकलेले हप्ते, बँकेच्या स्वतःच्या खात्यातच आहे, तो ती नाकारू शकत नाही.

सोबत पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र आणि फ्लॅटच्या आजच्या किमतीचा अंदाज जोडता आला तर चांगलेच. चार वर्षांत पगार वाढला असेल तर हप्त्याचे ओझे कमी झालेले असते. फ्लॅटची किंमत वाढली आणि मुद्दल उतरले तर तारणाच्या मानाने कर्ज लहान होते. हे दोन्ही मुद्दे जोखीम कमी झाल्याचेच पुरावे आहेत, आणि स्कोअर एकटा पुरत नाही तेव्हा हे कामी येतात.

बँकेकडून येणारी उत्तरे

सर्वसाधारणपणे तीनपैकी एक उत्तर येते. पहिले, पूर्ण मान्य. दुसरे, अर्धे मान्य आणि त्यासाठी बदल शुल्क. तिसरे, नकार. दुसरे उत्तर सर्वांत नेहमीचे, म्हणून त्याचाच हिशेब मांडू.

समजा बँकेने स्प्रेड ३.२५ वरून २.७५ वर आणायची तयारी दाखवली. म्हणजे दर ८.५० वरून ८.०० होतो. शुल्क ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९०० रुपये. मुदत तीच ठेवली तर हप्ता २८,६३५ वरून सुमारे २७,७५० होतो, महिन्याला साधारण ८८५ रुपये वाचतात. शुल्क सात महिन्यांत वसूल. १९२ हप्त्यांत एकूण बचत १ लाख ७० हजारांच्या आसपास.

पण इथे एक निवड आहे जी बहुतेक लोक न करताच सोडून देतात. हप्ता तोच, २८,६३५, ठेवला आणि मुदत कमी करून मागितली, तर कर्ज १९२ ऐवजी सुमारे १८१ हप्त्यांत संपते. जवळजवळ एक वर्ष आधी. एकूण बचत ३ लाख ३० हजारांच्या जवळ जाते, म्हणजे दुपटीकडे. कारण वाचलेले व्याज प्रत्येक महिन्याला थेट मुद्दल फेडायला जाते. ज्यांना महिन्याच्या खर्चाची ओढाताण नाही त्यांनी हप्ता कमी करून घेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार, दर रिसेट होताना हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायला हवा. तेव्हा अर्जातच लिहून टाका, "हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी."

नकार आला तर त्याचे कारण वाचा. "आपल्या करारात तरतूद नाही" असे असेल, तर ऑक्टोबर २०२५ च्या नियमबदलाचा उल्लेख करून स्प्रेडचे इतर भाग कमी करण्याची विनंती करा, आणि नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज वर न्या. "स्कोअर आमच्या निकषात बसत नाही" असे असेल तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या तारखेचा स्कोअर पाहिला हे विचारा. तेवढ्यावरूनच कित्येकदा चूक सापडते.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा पर्याय

बँका सगळ्यांत जास्त ऐकतात ती एका कागदाची भाषा. दुसऱ्या बँकेच्या तत्त्वतः मंजुरीच्या पत्राची. फ्लोटिंग दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर दंड आकारता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. त्यामुळे तुम्ही कर्ज हलवू शकता हे बँकेला माहीत असते. फोरक्लोजर लेटर मागितले की शाखेतून फोन येतो आणि आधी नाकारलेली सूट अचानक शक्य होते, असा अनुभव कर्जदार वारंवार सांगतात.

पण हे पत्र मिळवताना चार-पाच बँकांत एकाच वेळी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाबरोबर ती बँक तुमचा अहवाल काढते, त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा अनेक नोंदी झाल्या तर सुधारलेला स्कोअर पुन्हा खाली येतो. चौकशी कितीही ठिकाणी करा, अर्ज एकाच ठिकाणी द्या.

आणि पत्र मिळाले म्हणून कर्ज हलवलेच पाहिजे असेही नाही. स्थलांतराला खर्च येतो. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा आणि मूल्यांकनाचा खर्च, आणि महाराष्ट्रात गहाणाच्या नोंदीसाठी मुद्रांक शुल्क व नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंदणी. आपल्या उदाहरणात हा सगळा खर्च ३०,००० रुपये धरू.

दुसरी बँक ७.७५ देते आहे आणि आपली बँक ८.०० ला तयार आहे, तर फरक पाव टक्क्याचा. ३० लाखांवर महिन्याला साधारण ४४० रुपये. ३०,००० भरून निघायला साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागेल. तोवर घर विकले किंवा कर्ज लवकर फेडले तर तोटाच. इथे आपल्या बँकेचे ८.०० घ्यावे. पण आपल्या बँकेने काहीच दिले नाही आणि दर ८.५० च राहिला, तर फरक महिन्याला सुमारे १,३२५ रुपयांचा होतो आणि खर्च दोन वर्षांच्या आत वसूल होतो. मग हलवणेच योग्य. कर्जाची चार-पाच वर्षेच उरली असतील किंवा बाकी मुद्दल पाच-सात लाख असेल, तर असल्या स्थलांतरातून फारसे काही हाती लागत नाही.

हलवायचे ठरलेच तर जुन्या बँकेकडून मूळ कागदपत्रांची यादी आधीच घ्या. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

ज्यांचे कर्ज या चौकटीत बसत नाही

रेपोशी जोडण्याचा २०१९ चा नियम व्यापारी बँकांसाठी आहे. गृहवित्त कंपन्या आणि आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका त्यात येत नाहीत. गृहवित्त कंपन्यांचे दर त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर चालतात, आणि तिथे स्प्रेडऐवजी "इतकी सूट" असे लिहिलेले असते. अर्ज तिथेही करता येतो आणि बहुधा शुल्क भरून दर बदलून मिळतो. पण आधारदर कंपनीच्या हातात असल्याने, आज मिळालेली सूट उद्या आधारदर वाढवून खाल्ली जाऊ शकते. अशा कर्जदाराला रेपोशी जोडलेल्या बँकेत कर्ज नेणे कित्येकदा जास्त हिताचे ठरते.

२०१९ च्या आधीचे बँकेचे कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर असेल, तर तुमची मुख्य अडचण स्कोअर नाहीच. आधी कर्ज रेपोवर वळवून घ्या आणि त्याच अर्जात आजच्या स्कोअरनुसार स्प्रेड मागा. दोन वेगळे अर्ज करून दोनदा शुल्क भरू नका. स्थिर दराच्या कर्जाला मात्र यातले काहीच लागू नाही. तिथे करारच पाहावा लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे काय नेता येते हेही माहीत असावे. बँकेने अर्जाला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, करारातले कलम पाळले नाही, किंवा मान्य केलेला दर लावलाच नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. पण "दर कमी दिला नाही" एवढीच तक्रार असेल, तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. तिथे तुमची ताकद दुसऱ्या बँकेचे पत्र हीच.

दर खरोखर उतरला का?

मान्यतेचा ईमेल आला म्हणजे काम झाले असे समजू नका. पत्र एका तारखेचे असते आणि संगणकातला बदल दुसऱ्या. कधी शुल्क कापले जाते आणि दर तसाच राहतो. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात एकच ओळ बघायची, व्याजाची. ३० लाख मुद्दलावर ८.५० टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज २१,२५० रुपये होते, ८.०० टक्क्यांनी २०,००० होते. हप्ता तोच ठेवला असेल तर हप्त्याच्या रकमेवरून काहीच कळणार नाही. व्याज मात्र जवळपास १,२५० रुपयांनी कमी दिसले पाहिजे आणि मुद्दलात तेवढेच जास्त जमा झाले पाहिजे. तुमचे बाकी मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले बारा, एवढ्या साध्या हिशेबाने हे तपासता येते.

त्यानंतर दर तिमाहीला बँकेने द्यायच्या विवरणात वार्षिक दर आणि उरलेले हप्ते लिहिलेले असतात. तिथे १८१ च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. अजून १९२ च्या जवळचाच दिसत असेल तर मुदत कमी केलेली नाही. मान्यतेचे पत्र आणि तो उतारा घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा, आणि जास्त कापलेले व्याज दर लागू झाल्याच्या तारखेपासून परत जमा करून मागा.